व्हॅनमधून उतरलेलं मूल कोणाच्या हातात?

जून महिन्यात वह्यापुस्तकं, गणवेश आणि रेनकोटच्या धांदलीत शाळेकडून एक कागद घरी येतो. हल्ली तो बहुतेकदा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ होऊन येतो. ‘स्कूल व्हॅनने येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी सूचना’ असा मथळा आणि खाली दहाबारा ओळी. पालकांनी थांब्यावर पाच मिनिटं आधी हजर राहावं, व्हॅन दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही, मुलाला न्यायला अधिकृत व्यक्तीनेच यावं, ओळखपत्र दाखवावं, बदल असल्यास शाळेला लेखी कळवावं. आपण वरवर नजर फिरवतो, खाली सही करतो आणि पुढच्या कामाला लागतो.

त्या ओळींमागे काय आहे हे बहुतेक शाळा सांगत नाहीत. त्यामुळे अनेक पालकांना त्या शाळेच्या शिस्तीच्या ओळी वाटतात, आणि शिस्त म्हटली की सवलत मागायची आपल्याला सवय असते. खरं तर हा कागद एकाच प्रश्नाभोवती फिरतो: या क्षणी मूल कोणाच्या जबाबदारीत आहे? व्हॅनने जाणारं मूल दिवसातून चार वेळा एका मोठ्या माणसाकडून दुसऱ्याकडे सोपवलं जातं. सकाळी घरच्यांकडून व्हॅनमध्ये, व्हॅनमधून शाळेत, दुपारी शाळेतून पुन्हा व्हॅनमध्ये आणि शेवटी व्हॅनमधून घरच्यांकडे. मूल हरवतं, चिरडलं जातं किंवा भलत्याच माणसाबरोबर जातं, ते बहुतेकदा या चारपैकी एखाद्या जागी. एकाने हात सोडलेला असतो आणि दुसऱ्याने अजून धरलेला नसतो.

गाडीबद्दल आधी थोडक्यात सांगतो, कारण ती तपासणं पालकांच्या हातात आहे आणि त्याला फार वेळ लागत नाही. नंबरप्लेट पिवळी आणि अक्षरं काळी असतील तर ती भाड्याने प्रवासी नेण्याची परवानगी असलेली गाडी. प्लेट पांढरी असेल तर ती खासगी गाडी आहे आणि पैसे घेऊन मुलं नेणं बेकायदा आहे. अशा गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनी नेमका हाच मुद्दा काढून भरपाईला हरकत घेऊ शकते. विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाडीची प्लेट हिरवी आणि अक्षरं पिवळी असतात. गाडीचा नंबर ‘एमपरिवहन’ ॲपवर टाकला की फिटनेस प्रमाणपत्र आणि विमा कधी संपतो ते दिसतं. आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक गाडीला दर दोन वर्षांनी आणि त्याहून जुन्या गाडीला दर वर्षी फिटनेसचं नूतनीकरण करावं लागतं. मग एकदा व्हॅनमध्ये डोकावून पाहा. मागच्या बाजूला सीएनजीच्या टाकीवर फळी टाकून मुलं बसवलेली दिसली, तर त्या व्हॅनबद्दल आणखी काही विचारायची गरज नाही. पंजाबात संगरूर जिल्ह्यातल्या लोंगोवाल इथे फेब्रुवारी २०२० मध्ये एका जुनाट स्कूल व्हॅनने पेट घेतला आणि चार लहान मुलं जळून गेली. बाकीच्या मुलांना शेतात काम करणाऱ्यांनी धावत येऊन बाहेर काढलं.

आता वेळेचं पाहू. ‘व्हॅन दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही’ ही ओळ पालकांना सर्वांत जास्त खटकते. एवढी फी घेतात आणि पाच मिनिटं थांबत नाहीत, ही तक्रार पालकसभेत हमखास येते. तेव्हा एका फेरीचा हिशेब मांडून पाहू. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. तेव्हा शाळा नऊची धरू. मुलं आठ पन्नासला फाटकात पोचली पाहिजेत. व्हॅनमध्ये बारा मुलं आहेत आणि आठ थांबे. सलग चालवलं तर हे अंतर साधारण २९ मिनिटांचं. प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटं म्हणजे सोळा मिनिटं. एकूण ४५ मिनिटं, म्हणून पहिलं मूल आठ पाचला बसतं.

आता आठपैकी फक्त चार थांब्यांवर चार-चार मिनिटं उशीर झाला असं समजा. कुठे बूट सापडत नव्हता, कुठे लिफ्ट अडकली, कुठे डबा भरायचा राहिला. सोळा मिनिटं गेली. व्हॅन आठ पन्नासऐवजी नऊ वाजून सहा मिनिटांनी पोचणार. ही सोळा मिनिटं भरून काढायची तर २९ मिनिटांचं अंतर १३ मिनिटांत कापावं लागेल, आणि शहरातल्या सकाळच्या रहदारीत ते होत नाही. मग व्हॅनवाले काका काय करतात? सिग्नल पिवळा असताना घुसतात, चुकीच्या बाजूने शॉर्टकट घेतात, गाडी पुरती थांबण्याआधीच मुलांना ‘चला, उतरा पटापट’ म्हणतात. पालकाच्या हाताने झालेला उशीर अशा रीतीने इतर अकरा मुलांच्या वाट्याला धोका म्हणून येतो. म्हणून दोन मिनिटांचा नियम मला कठोर वाटत नाही. उलट ज्या शाळेच्या सूचनेत थांबायची मुदत लिहिलेलीच नसते, तिथे ड्रायव्हरवर रोज कोणाच्या ना कोणाच्या उशिराचा भार पडत असतो.

या नियमाला एक जोड मात्र हवी. व्हॅन दोन मिनिटांनी निघून गेली, तर पुढच्या थांब्यावर मोटारसायकलने गाठून मूल चढवायला परवानगी आहे का, हे सूचनेत स्पष्ट लिहिलेलं असावं. ‘नाही’ हे उत्तर उत्तम. वाटेत मध्येच हात करून थांबवलेली व्हॅन रस्त्याच्या मधोमध थांबते आणि मूल धावत्या रहदारीतून चढतं. उशीर झाला तर पालकाने स्वतः शाळेत सोडावं. त्या दिवशी कामावर जायला उशीर होईल, पण तेवढ्यावर निभावेल.

व्हॅनमध्ये मूल चढलं की सोबतच्या ताईंनी किंवा मावशींनी यादीवर खूण करायची, आणि शाळेत उतरलं की दुसरी खूण. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांत सहायक नेमण्याची आणि मुली असतील तर महिला सहायक असण्याची अट आहे. या दोन खुणांना महत्त्व किती आहे, हे समजून घेण्यासाठी जपानमधली एक घटना पाहावी लागेल. ती मी सविस्तर सांगतो, कारण तिच्यात कोणीही दुष्ट माणूस नव्हता.

शिझुओका प्रांतातल्या माकिनोहारा गावात ५ सप्टेंबर २०२२ रोजी एका बालवाडीची बस सकाळी मुलं घेऊन आली. नेहमीचा ड्रायव्हर त्या दिवशी नव्हता, म्हणून बालवाडीचे सत्तरी ओलांडलेले संचालक स्वतः गाडी चालवत होते. बसमध्ये सहा मुलं होती. पोचल्यावर पाच उतरली. तीन वर्षांची एक मुलगी आत राहिली. बस रिकामी झाली की शेवटच्या सीटपर्यंत जाऊन बघायचं, ते कोणी केलं नाही. बालवाडीच्या संगणकीय हजेरीत मात्र ती मुलगी ‘आली’ अशीच नोंद पडली होती. वर्गातल्या बाईंना ती दिसली नाही, पण त्यांनी घरी फोन केला नाही. सुमारे पाच तासांनी ती बसमध्ये सापडली. पाण्याची बाटली रिकामी झालेली होती. ती वाचली नाही. पुढे संचालकांना न्यायालयाने तुरुंगवासाची शिक्षा दिली.

त्याच आठवड्यात, ११ सप्टेंबरला, कतारमधल्या दोहा शहराजवळ केरळहून तिथे राहायला गेलेल्या कुटुंबातली चार वर्षांची मुलगी शाळेच्या बसमध्ये झोपून गेली आणि आतच राहिली. तीही गेली. त्या दिवशी तिचा वाढदिवस होता.

बंद गाडीत काय होतं, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांत तापमान सुमारे दहा अंशांनी चढतं, तासाभरात वीस अंशांहून जास्त. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. बाहेर बत्तीस अंश म्हणजे आपल्याकडचा साधा दिवस. आत तासाभरात पन्नासच्या पुढे.

जपानमधल्या घटनेत चार ठिकाणी ती मुलगी सापडू शकली असती. उतरताना मोजणी झाली असती तर. शेवटच्या सीटपर्यंत कोणी चालत गेलं असतं तर. हजेरी मुलाला पाहून लागली असती तर. आणि बाईंनी आईला एक फोन केला असता तर. चारपैकी एकही पुरेसं होतं. त्यानंतर जपानने एप्रिल २०२३ पासून बालवाड्यांच्या बसमध्ये एक उपकरण बंधनकारक केलं. बस बंद केल्यावर ते वाजतं आणि ते थांबवायचं बटण बसच्या मागच्या टोकाला असतं, त्यामुळे बटण दाबायला ड्रायव्हरला शेवटपर्यंत चालत जावंच लागतं. आपल्याकडे ते उपकरण येईल तेव्हा येईल. पण शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन, सीटखाली वाकून बघायला पैसे लागत नाहीत. तुमच्या व्हॅनमध्ये हे रोज होतं का, हे एकदा काकांना विचारा.

या घटनेतून पालकांच्या वाट्याला येणारं एक काम आहे, आणि सूचनेत ते साध्या शब्दांत लिहिलेलं असतं: ‘मूल गैरहजर राहणार असल्यास सकाळी आठपूर्वी कळवावे.’ आपण व्हॅनवाल्या काकांना कळवतो आणि काम झालं समजतो. वर्गशिक्षिकेला कळवत नाही. मग वर्गात मूल दिसलं नाही की बाई धरून चालतात, आजारी असेल. ज्या शाळेत न कळवता गैरहजर राहणारी मुलं रोज चारपाच असतात, तिथे खरोखर व्हॅनमध्ये राहिलेल्या मुलाची गैरहजेरी कोणाच्या नजरेत येत नाही. पालकांनी काटेकोर कळवलं, तरच न कळवलेली एक गैरहजेरी लगेच डोळ्यांत भरते आणि बाई फोन उचलतात. शाळेनेही आपल्या बाजूने लिहून द्यावं की शाळा भरल्यापासून अर्ध्या तासात अशा प्रत्येक मुलाच्या घरी फोन जाईल.

बदली ड्रायव्हर हा दुसरा धडा. नेहमीचे काका सुटीवर गेले की त्यांचा भाऊ किंवा मित्र गाडी घेऊन येतो. त्याला थांबे नीट ठाऊक नसतात, मुलांची नावं ठाऊक नसतात, कोणतं मूल मागच्या सीटवर आडवं होऊन झोपतं हेही ठाऊक नसतं. बदली माणसाचं नाव, फोटो आणि लायसन्स शाळेकडे आधीपासून असलं पाहिजे, आणि त्या दिवशी सकाळी पालकांना तसा निरोप गेला पाहिजे. गाडी ओळखीची आहे म्हणून अनोळखी माणसाच्या हाती मूल देऊ नये. शाळेला फोन करून खात्री करेपर्यंत मुलाचा हात धरून ठेवावा.

मुलांना शिकवायची एक गोष्ट इथेच सांगतो. व्हॅनमध्ये एकटं राहिलं तर पुढे ड्रायव्हरच्या सीटवर जायचं आणि हॉर्न जोरात दाबून धरायचा, पुन्हा पुन्हा. बऱ्याच गाड्यांत किल्ली नसतानाही हॉर्न वाजतो. आपल्या व्हॅनमध्ये वाजतो का, ते काकांसमोर एकदा मुलाकडूनच करून बघावं. लहान हातांना हॉर्न जड जातो, तेव्हा त्यावर चक्क बसायला शिकवावं. माकिनोहाराच्या घटनेनंतर जपानमधल्या बालवाड्यांनी मुलांकडून हा सराव करून घेतला होता.

आता दुपार. माझ्या मते सूचनेतला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा भाग इथे आहे.

आधी उतरण्याची जागा. आपली वाहनं डावीकडून चालतात आणि व्हॅनचं दार डावीकडे उघडतं, म्हणजे दाराच्या बाजूला फुटपाथ असतो. न्यायला येणाऱ्याने दाराजवळ, त्याच बाजूला उभं राहायचं. घर समोरच्या बाजूला आहे म्हणून रस्त्यापलीकडूनच ‘ये, ये’ असा हात करणारी आई मी अनेक थांब्यांवर पाहतो. मुलाला आई दिसते, मधला रस्ता दिसत नाही. ते व्हॅनच्या पुढून किंवा मागून धावतं. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला मूल दिसतं तेव्हा ब्रेक लावायला वेळ उरलेला नसतो, आणि व्हॅनच्या ड्रायव्हरला तर अगदी पुढ्यातून जाणारं चारपाच वर्षांचं मूल दिसतच नाही. ते बॉनेटच्या खाली असतं. हातातून पडलेली बाटली उचलायला वाकलेलं मूल आपल्याच व्हॅनच्या चाकाखाली येऊ शकतं, ते याच कारणाने. म्हणून क्रम असा असावा: आधी ताई उतरतात, मग मूल, ताई मुलाचा हात घरच्या माणसाच्या हातात देतात, यादीवर खूण करतात, आत बसतात, दार लावतात, आणि मगच गाडी हलते. मुलाने गाडीकडे पाठ फिरवून घराकडे चालायला लागेपर्यंत पालकाने ‘टाटा’ करत व्हॅनजवळ घुटमळू नये.

आणि आता ‘अधिकृत व्यक्ती’. या दोन शब्दांचा अर्थ काय? एक प्रसंग टप्प्याटप्प्याने पाहू. सिनियर केजीतली एक मुलगी आहे, आईवडील दोघं नोकरीला. प्रवेशाच्या वेळी त्यांनी फॉर्म भरला आहे. त्यात तीन नावं, तिघांचे फोटो, नातं आणि मोबाइल नंबर: आई, आजोबा आणि घरी सांभाळायला येणाऱ्या मावशी. प्रत्येकाला शाळेने फोटो असलेलं कार्ड दिलं आहे आणि या यादीची एक प्रत व्हॅनमध्ये ताईंकडे आहे. एका बुधवारी मावशी आल्या नाहीत, आजोबा डॉक्टरकडे गेले आहेत. आई ऑफिसातून मुलीच्या काकाला सांगते, तू जाऊन घे. काका थांब्यावर येतो. मुलगी ‘काका!’ म्हणून आनंदाने ओरडते. आता ताईंनी काय करायचं?

बहुतेक जणांचं उत्तर असतं, मुलगी ओळखते आहे ना, मग द्या. तेच उत्तर चुकीचं आहे. मुलाने ओळखणं आवश्यक आहे, पण पुरेसं नाही. लहान मुलांना त्रास देणारी माणसं बहुतेकदा ओळखीचीच असतात: शेजारी, नातेवाईक, घरात येणारेजाणारे. मुलाच्या आनंदावरून माणसाची पारख होत नाही. म्हणून नाव यादीत नसेल तर ताई मूल देणार नाहीत, आणि काका सभ्य असेल तर रागावणार नाही.

मग करायचं काय होतं? आईने शाळा सुटण्याच्या किमान दोन तास आधी शाळेच्या कार्यालयात कळवायला हवं होतं, तेही शाळेकडे नोंदवलेल्या नंबरवरून. व्हॅनवाल्या काकांना नव्हे, कार्यालयाला. कार्यालयाने तो फोन तिथेच खरा मानायचा नाही. ठेवून द्यायचा आणि रजिस्टरमध्ये असलेल्या आईच्या नंबरवर आपण होऊन फोन करायचा. ‘मी आई बोलतेय’ असं कोणीही म्हणू शकतं. व्हॉट्सॲपवरचा फोटोही कोणी लावू शकतं. आपण लावलेल्या फोनवर आई बोलली, तरच खात्री. मग काकाचं पूर्ण नाव आणि त्याच्या ओळखपत्राचा तपशील लिहून घ्यायचा आणि ताईंना निरोप द्यायचा. थांब्यावर काकाने ते ओळखपत्र दाखवायचं आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहून सही करायची. काही घरांनी याला आणखी एक जोड दिली आहे: आईवडील आणि मूल यांच्यातला एक गुप्त शब्द. नवीन माणसाने तो सांगितला तरच मूल त्याच्याबरोबर जातं. चार वर्षांच्या मुलालाही हे जमतं, कारण त्याला ते खेळासारखं वाटतं.

आणि कोणीच आलं नाही तर? ताई मुलाला सोसायटीच्या वॉचमनकडे देणार नाहीत, शेजारच्या दुकानात बसवणार नाहीत, ‘जाईल एकटी, घर समोरच आहे’ असंही म्हणणार नाहीत. मूल व्हॅनमध्येच राहील, शेवटच्या थांब्यापर्यंत जाईल आणि परत शाळेत येईल. घरच्यांनी शाळेतून न्यायचं. हे वाचायला कडक वाटतं, पण या एका नियमामुळे मूल कोणाकडे आहे हे प्रत्येक मिनिटाला ठाऊक असतं. मोठ्या भावाबहिणीबद्दलही हेच. आठवीतला दादा जबाबदार असेल, पण अठरा वर्षांखालच्या माणसाकडे मूल सोपवू नये, हे शाळेने ठरवलं असेल तर त्याला अपवाद मागू नये.

यात सर्वांत अवघड जागा नियमांची नाही, माणसांची आहे. आजोबा रोज येतात, ताई त्यांना ओळखतात, तरी कार्ड मागतात. आजोबांना अपमान वाटतो. घरी येऊन सांगतात, मला चोर समजतात. मग मुलगा किंवा सून शाळेला फोन करून भांडते आणि दुसऱ्या आठवड्यापासून ताई कोणाचंच कार्ड मागत नाहीत. नियम असा मरतो. आजोबांना शाळेने नव्हे, घरच्यांनी समजावायचं आहे: रोज तुम्हाला कार्ड विचारलं, तरच एखाद्या दिवशी तुमच्या नावाने आलेल्या भलत्या माणसाला विचारलं जाईल. ताई बदलल्या, रजेवर गेल्या, तरी नव्या ताईंना कार्ड बघायची सवय तयार मिळते.

आणखी एका नाजूक जागेबद्दल शाळा लिहायला कचरतात, आणि पालक सांगायला. आईवडील वेगळे राहत असतील तर काय? फक्त एकाने तोंडी ‘दुसऱ्याकडे मूल देऊ नका’ म्हटलं, म्हणून शाळेला दुसऱ्याला अडवता येत नाही. दोघंही पालक आहेत. न्यायालयाने ताब्याबद्दल किंवा भेटीबद्दल आदेश दिला असेल तर त्याची प्रत शाळेत द्यावी. त्यानंतर शाळेने त्या आदेशाप्रमाणेच वागायचं आणि ताईंच्या यादीतही तसा बदल करायचा. आदेश नसेल तर मुख्याध्यापकांना विश्वासात घेऊन, दोघांनी मिळून लेखी व्यवस्था द्यावी. थांब्यावर, मुलासमोर, ताईंना न्यायनिवाडा करायला लावू नये.

पावसाळ्याबद्दल एवढंच. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कितीतरी मुलं शाळांमध्ये अडकून पडली आणि घरचे रात्रभर पाण्यातून त्यांना शोधत फिरले. त्यामुळे सूचनेत ही ओळ हवीच: रस्त्यात पाणी साचलं तर व्हॅन निघणार नाही, मुलं शाळेत थांबतील, आणि फक्त यादीतल्या माणसांकडेच दिली जातील. अशा दिवशी फोन लागत नाहीत. तेव्हा फॉर्ममधलं एक नाव शाळेपासून चालत येण्याच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाचं असावं.

आता शाळेच्या बाजूचं. बऱ्याच सूचनांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक वाक्य असतं: ‘व्हॅनची व्यवस्था पालकांनी आपल्या जबाबदारीवर केलेली असून शाळा त्यास जबाबदार राहणार नाही.’ या वाक्यावर निमूट सही करू नये असं माझं ठाम मत आहे. राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असली पाहिजे, आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी, पोलिस आणि आरटीओचा माणूस असला पाहिजे. तिने दर तीन महिन्यांनी भेटायचं असतं. गाडीची कागदपत्रं, ड्रायव्हरचं लायसन्स आणि त्याची पोलिस पडताळणी, थांबे, भाडं हे सगळं तिथे पाहायचं असतं. अनेक शाळांत ही समिती कागदावर असते. तिच्यातला पालक प्रतिनिधी कोण, असं विचारलं की कार्यालयात शोधाशोध सुरू होते. शाळेच्या फाटकात रोज तीच व्हॅन येते आणि तिच्यात शाळेचीच मुलं चढतात. फाटकाच्या आत मूल घेणं आणि फाटकातून ते व्हॅनमध्ये देणं, या दोन जागा तरी शाळेच्याच आहेत. त्या बारीक अक्षरांखाली सही करायची वेळ आली, तर शेजारी ‘परिवहन समितीच्या मागच्या बैठकीचं इतिवृत्त मिळावं’ असं लिहून सही करावी. हे भांडण नव्हे. पालक वाचतात हे कळलं की शाळाही नीट लिहायला लागते.

व्हॅनवाल्या काकांबद्दल, ताईंबद्दल मूल काही बोललं, नुसतं ‘मला व्हॅनने जायचं नाही’ असं जरी दोनतीनदा म्हणालं, तर आळस समजून दटावू नये. कारण हळूच विचारावं. लैंगिक छळाचा संशय आला, तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं हे शाळेसह प्रत्येकाचं कर्तव्य आहे. शाळेने ‘आम्ही आतल्या आत मिटवतो’ म्हटलं तरी ते मान्य करू नये. मूल वेळेवर पोचलं नाही आणि काकांचा फोन लागत नाही, अशा वेळी ग्रुपवर विचारत बसण्यात अर्धा तास जातो. आधी शाळेला फोन करावा, आणि तिथूनही ठावठिकाणा कळला नाही तर लगेच ११२ ला. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे, आणि ती चोवीस तास चालू असते.

हा अंक हातात असतानाच शाळेचा तो फॉर्म काढा. त्यात गेल्या वर्षी लिहिलेल्या मावशी अजून तुमच्याकडे येतात का? आजोबांचा मोबाइल नंबर तोच आहे का? एखादं नाव जुनं झालं असेल, तर उद्या सकाळी शाळेच्या कार्यालयात जाऊन बदलून घ्या, आणि व्हॅनमधल्या ताईंच्या हातातली प्रतही बदलली का, ते स्वतः बघा.